कूलरला हात लावताच मुंग्या येतात तेव्हा

"चप्पल घालून हात लाव गं, जरासा करंट येतो त्याला." एप्रिल-मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत पाहुण्यांना हे अगदी सहज सांगितले जाते. घरातल्या माणसांना त्याची सवय झालेली असते. कूलरच्या पत्र्याला बोट लागले की मुंग्या येतात, हात मागे घेतला जातो आणि काम पुढे चालू राहते. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये हीच तक्रार एसीबद्दल ऐकू येते. खिडकीतल्या एसीच्या पत्र्याला किंवा बाहेरच्या युनिटला हात लागला की झिणझिण्या येतात. मेकॅनिक म्हणतो, "इन्व्हर्टर एसीला एवढं असतंच."

या बोलण्यातला ‘जरासा’ हा शब्द फार धोक्याचा आहे. मुंग्या किती येतात यावरून यंत्रात बिघाड किती आहे हे कळत नाही. त्या क्षणी हात लावणारा माणूस कशावर उभा होता, एवढेच त्यातून कळते.

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते. कूलरच्या पत्र्यावर फेज पूर्णपणे उतरला आहे असे धरू. रबरी चप्पल घालून कोरड्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाने त्याला बोट लावले, तर बोट, शरीर, चप्पल आणि फरशी या सगळ्या वाटेचा विरोध सहज दोन लाख तीस हजार ओहमच्या घरात जाऊ शकतो. २३० भागिले २,३०,००० म्हणजे एक मिलीअँपिअर. एवढ्या प्रवाहाने मुंग्या येतात, बाकी काही होत नाही. तासाभराने त्याच घरातला मुलगा अनवाणी, कूलरमध्ये पाणी भरताना सांडलेल्या थारोळ्यात उभा राहून ओल्या हाताने तोच पत्रा धरतो. आता वाटेत चप्पल नाही आणि कोरडी कातडी नाही. विरोध दीड हजार ओहमवर येतो आणि शरीरातून सुमारे दीडशे मिलीअँपिअर वाहतात.

माणसाला साधारण अर्ध्या मिलीअँपिअरपासून जाणीव होते. दहाच्या आसपास हाताचे स्नायू असे आखडतात की पकडलेली वस्तू सोडता येत नाही. ‘चिकटला’ असे आपण म्हणतो ते हेच. तीस-चाळीसच्या पुढचा प्रवाह सेकंदभर किंवा अधिक काळ छातीतून गेला, तर हृदयाचे ठोके विस्कटण्याचा धोका सुरू होतो. दीडशे हा आकडा त्या हद्दीच्या खूप पलीकडचा आहे. यंत्र तेच होते आणि बिघाडही तोच होता. बदलली होती ती फक्त पायाखालची जागा.

वीज पत्र्यावर येते कुठून?

याची दोन वेगळी कारणे आहेत. बोटाला मात्र दोन्ही सारखीच लागतात.

पहिले कारण एसीमध्ये आढळते, विशेषतः इन्व्हर्टर एसीमध्ये. या यंत्रातले सर्किट कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करण्यासाठी वीज अतिशय वेगाने चालू-बंद करत असते. त्यातून निघणारा विद्युत गोंगाट घरच्या वायरिंगमध्ये परत जाऊ नये म्हणून आत एक फिल्टर बसवलेला असतो. या फिल्टरमध्ये फेज आणि बॉडी यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो, न्यूट्रल आणि बॉडी यांच्यामध्ये दुसरा. कपॅसिटरमधून एसी प्रवाहाचा अगदी बारीक अंश पलीकडे जातोच, आणि तो अर्थिंगच्या तारेतून निघून जावा अशीच रचना केलेली असते. अर्थिंगची तार कुठे तुटली असेल, तर या बारीक प्रवाहाला जायला जागा उरत नाही. दोन सारख्या कपॅसिटरांच्या मधोमध अडकलेली बॉडी मग निम्म्या दाबावर, म्हणजे ११०-११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. तुम्ही हात लावलात की तो प्रवाह तुमच्यातून जमिनीत जातो. कपॅसिटर छोटे असल्यामुळे तो बहुधा अर्धा ते काही मिलीअँपिअर इतकाच असतो. म्हणजे मेकॅनिकचे म्हणणे अर्धे खरे आहे. एवढी गळती यंत्रात असतेच. पण ती बोटाला जाणवली याचा अर्थ अर्थिंग पोचलेले नाही. आणि उद्या त्याच एसीच्या कॉम्प्रेसरचे वेटोळे बॉडीला टेकले, तर तीच न पोचलेली अर्थिंग पूर्ण २३० व्होल्ट पत्र्यावर उभे करून ठेवील.

एसीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरू नये. स्प्लिट एसीचे आतले युनिट प्लास्टिकचे असते म्हणून घरात कोणाला काही जाणवत नाही. बाहेरचे युनिट आणि तांब्याच्या नळ्या धातूच्या असतात, आणि त्यांना हात लावतो तो तिसऱ्या मजल्याच्या छज्जावर किंवा शिडीवर उभा राहिलेला मेकॅनिक. तिथे दोन मिलीअँपिअरचा निरुपद्रवी झटकाही तोल जायला पुरतो. एसी सर्व्हिसिंगला माणूस येणार असेल, तर बाहेरच्या युनिटला मुंग्या येतात ही गोष्ट त्याला आधी सांगायलाच हवी, आणि तो काम करत असताना एसीचा एमसीबी पाडून ठेवायला हवा. रिमोटने एसी बंद केल्याने यंत्रातली वीज जात नाही.

दुसरे कारण इन्सुलेशनच्या बिघाडाचे आहे. ते कूलरमध्ये जास्त आढळते आणि माणसे मारते. धातूच्या कूलरची रचनाच अशी आहे की वीज, पाणी आणि पत्रा एकाच पेटीत येतात. खाली पाण्याची टाकी, तिच्यात बुडालेला छोटा पंप, मधोमध पंख्याची मोटर, तीन बाजूंना गवताच्या ओल्या ताट्या. पंपाचे वेटोळे रेझिनमध्ये बंद केलेले असते. हा पंप चार महिने खाऱ्या पाण्यात चालतो, त्यावर क्षारांचा थर चढतो, आणि पावसाळा लागला की कूलर गच्चीवर किंवा माळ्यावर जातो. तिथे आठ महिने सुकताना रेझिनला आणि वायरीच्या आवरणाला बारीक भेगा पडतात. मार्चमध्ये पुन्हा पाणी भरले की ते भेगांतून आत शिरते. म्हणूनच हंगामाचे पहिले काही दिवस जास्त जोखमीचे असतात. पंपाची वायर कमी पडली म्हणून जोड देऊन त्यावर काळी टेप गुंडाळलेली असेल आणि तो जोड टाकीत लोंबत असेल, तर भेगा पडण्याचीही वाट पाहावी लागत नाही. टाकीतले पाणी वीजभारित होते आणि पाण्यातून पत्राही.

कूलर बहुधा लोखंडी स्टँडवर, खिडकीच्या गजांना टेकवून ठेवलेला असतो. मग गजांतही वीज उतरते. गजांना कपडे वाळत घालायची तार बांधलेली असेल, तर तिच्यातही. ज्याला झटका बसतो तो कदाचित कूलरच्या जवळपासही नसतो.

टेस्टरवर विश्वास ठेवू नका

घरोघरी असणारा निऑनचा टेस्टर इथे फसवतो. त्याचा दिवा लागायला इतका सूक्ष्म प्रवाह पुरतो की कपॅसिटरच्या गळतीनेही तो पेटतो आणि खऱ्या फेजनेही पेटतो. तपासणारा लाकडी स्टुलावर उभा असेल, तर पत्र्यावर वीज असूनही तो अगदी मंद लागू शकतो. डिजिटल मल्टिमीटरही कपॅसिटरच्या गळतीला शंभराच्या वरचा आकडा दाखवून घाबरवतो.

जाणकार वायरमन ताराला जोडलेला साधा बल्ब वापरतो. बल्बचे एक टोक यंत्राच्या पत्र्याला आणि दुसरे खात्रीच्या अर्थिंगला जोडले की फरक उघड होतो. गळती कपॅसिटरची असेल, तर बल्ब लागत नाही आणि मीटरवर दिसणारे व्होल्टही गायब होतात, कारण त्या दाबामागे प्रवाह पुरवण्याची ताकदच नसते. वेटोळे पत्र्याला टेकले असेल, तर बल्ब लख्ख लागतो. आवरण अर्धवट खराब झाले असेल तेव्हा बल्ब लागत नाही, पण धोका असतो. तो शोधायला मेगर लागतो. प्लग काढून ठेवलेल्या यंत्रावर ५०० व्होल्टचा दाब देऊन मेगर इन्सुलेशनचा विरोध मोजतो. हे सगळे वायरमनने करायचे काम आहे. घरच्यांनी करायची गोष्ट एकच. मुंग्या आल्या की प्लग काढायचा आणि तपासणी होईपर्यंत तो परत लावायचा नाही.

अर्थिंग नेमके काय करते

‘अर्थिंग असले की वीज जमिनीत जाते’ असे आपण शाळेत शिकतो. ते खरे आहे, पण अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणातच बरेचसे अपघात घडतात. म्हणून एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू.

समजा अकोल्यातले एक स्वतंत्र घर आहे. खांबावरून दोन तारा येतात, फेज आणि न्यूट्रल. न्यूट्रल तिकडे ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला आहे, आणि त्या जोडाचा विरोध दोन ओहम आहे. घराच्या अंगणात अर्थिंगचा एक खड्डा आहे. तो दहा-बारा वर्षांपूर्वी केलेला, त्यात कोणी पाणी घातलेले नाही, त्याचा विरोध वीस ओहम आहे. कूलर १६ अँपिअरच्या एमसीबीवर आहे. मे महिन्यातल्या एका दुपारी पंपाचा फेज थेट पत्र्याला टेकतो.

आता वीज पत्र्यातून अर्थिंगच्या तारेने खड्ड्यात, तिथून मातीतून ट्रान्सफॉर्मरच्या जोडाकडे आणि न्यूट्रलला जाते. वाटेचा एकूण विरोध बावीस ओहम. २३० भागिले २२ म्हणजे साडेदहा अँपिअर. एमसीबी १६ अँपिअरचा आहे. साडेदहा अँपिअर त्याला बिघाड वाटतच नाहीत, कारण एखादा गिझर याच्या जवळपास प्रवाह घेतो. तो पडत नाही. आणि पत्र्यावर किती व्होल्ट राहतात? एकूण दाबापैकी वीस भाग खड्ड्यावर आणि दोन भाग ट्रान्सफॉर्मरपाशी वाटले जातात, म्हणजे पत्रा २०९ व्होल्टवर उभा राहतो. अर्थिंग आहे, तार जोडलेली आहे, घरमालक निश्चिंत आहे, आणि कूलर जवळपास पूर्ण दाबाने माणूस मारण्याच्या स्थितीत तासन् तास चालू आहे. बाहेरून दिसणारी खूण एकच, मीटर अकारण वेगाने फिरतो.

खड्डा चांगला करून विरोध पाच ओहमवर आणला तर? एकूण सात ओहम, सुमारे तेहतीस अँपिअर. आता एमसीबी पडेल, पण लगेच नाही. दुप्पट प्रवाहाला त्याची आतली पट्टी तापून वाकायला वेळ लागतो, मिनिटभरही लागू शकतो. तोवर पत्र्यावर १६४ व्होल्ट असतात.

मोठ्या गृहसंकुलात चित्र थोडे वेगळे असते. तिथे ट्रान्सफॉर्मर आवारातच असतो आणि त्याच्यापासून प्रत्येक फ्लॅटपर्यंत अर्थिंगची स्वतंत्र पट्टी किंवा तार नेलेली असेल, तर परतीची वाट मातीतून जात नाही, धातूतून जाते. एकूण विरोध एखाद्या ओहमवर येतो, दोनशेच्या वर अँपिअर वाहतात आणि एमसीबी क्षणात पडतो. तिथे साधे एमसीबीसुद्धा काम करते. खांबावरून वीज घेणाऱ्या स्वतंत्र घरात, वाड्यात, शेतातल्या घरात मात्र नुसते अर्थिंग आणि नुसता एमसीबी यांच्या भरवशावर राहता येत नाही.

तिसरा पहारेकरी

म्हणून आरसीसीबी हवा. बाजारात अजूनही त्याला ईएलसीबी म्हणतात. हे उपकरण फेजमधून गेलेली वीज आणि न्यूट्रलमधून परत आलेली वीज यांचा सतत जमाखर्च मांडते. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत, म्हणजे काही वीज भलत्याच वाटेने जमिनीत गेली, तर ते सेकंदाच्या काही दशांशांत, बहुधा त्याहूनही लवकर, दोन्ही तारा तोडते. घरासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी घ्यायचा. १०० किंवा ३०० मिलीअँपिअरचे मिळतात, पण ते आग टाळण्यासाठी असतात, माणूस वाचवण्यासाठी नव्हेत.

वरच्या उदाहरणात तोच वीस ओहमचा सुमार खड्डा ठेवून आरसीसीबी बसवा. साडेदहा अँपिअरची गळती त्याच्या मर्यादेच्या साडेतीनशे पट आहे, तो लगेच पडतो. खरे तर गोष्ट तिथवर जातच नाही. पंपाचे आवरण हळूहळू बिघडत असते, गळती पाच, दहा, वीस मिलीअँपिअर अशी वाढत जाते. तीस मिलीअँपिअर वीस ओहमच्या खड्ड्यात उतरताना पत्र्यावर एक व्होल्टही चढत नाही. कोणाला मुंग्यासुद्धा येण्याआधी आरसीसीबी पडून सांगतो की या यंत्रात काहीतरी बिघडले आहे.

मग अर्थिंग कशाला, नुसता आरसीसीबी का नको? कारण अर्थिंग नसेल, तर गळणाऱ्या विजेला वाट नाही, जमाखर्च जुळलेलाच राहतो आणि आरसीसीबी गप्प बसतो. पत्र्यावर २३० व्होल्ट चढलेले असतात. पहिली वाट मिळते ती हात लावणाऱ्या माणसाच्या शरीरातून. तेव्हा तो पडतो आणि बहुतेक वेळा माणूस वाचतो, पण जोराचा झटका त्याला बसलेला असतो. अर्थिंग असले की हीच चाचणी यंत्रावर होते, माणसावर होत नाही.

आरसीसीबीवर ‘टेस्ट’ लिहिलेले छोटे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबावे. दाबल्यावर खटका पडला नाही, तर उपकरण बदलावे. मात्र या बटणाने फक्त उपकरण चालते की नाही हे कळते. घराला अर्थिंग मुळीच नसले तरी बटण दाबल्यावर खटका पडतोच, कारण त्याची चाचणीची वाट आतल्या आतच असते. बटणावरून अर्थिंगचा दाखला घेऊ नये.

आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो काढून टाकून थेट तारा जोडून दिल्याची घरे मी पाहिली आहेत, आणि प्रत्येक वेळी काळजाचा ठोका चुकतो. तो पडत होता कारण कुठेतरी गळती होती. एकेक यंत्राचा प्लग काढून पाहिले की दोषी यंत्र सापडते. तीन-चार इन्व्हर्टर एसी एकाच आरसीसीबीवर असतील, तर त्यांच्या फिल्टरांची नेहमीची गळती एकत्र होऊनही तो पडू शकतो. त्यावर उपाय म्हणजे एसींना वेगळा आरसीसीबी देणे.

खोटे अर्थिंग

आता ज्या एका प्रकाराबद्दल मला सर्वांत तळमळीने सांगायचे आहे तो. जुन्या घरात अर्थिंगची तारच ओढलेली नसते. एसी बसवणारा म्हणतो, अर्थिंगशिवाय मशीन लावता येणार नाही. मग कोणीतरी सॉकेट उघडून न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थिंगच्या स्क्रूपर्यंत वीतभर तारेचा तुकडा जोडून देतो. मुंग्या थांबतात. बल्ब लावून तपासले, तर फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लख्ख लागतो. सगळे खूश होतात.

या जोडणीत एसीचा पत्रा थेट न्यूट्रलला बांधला गेला आहे. न्यूट्रल ठीक आहे तोवर काही होत नाही. पण न्यूट्रलचा स्क्रू मीटरपाशी ढिला होतो, वादळात खांबावरची तार सुटते. न्यूट्रल तुटला की घरातला फेज चालू असलेल्या ट्यूबलाइटमधून, फ्रिजमधून घरातल्या न्यूट्रलच्या तारेवर येतो, आणि तिथून त्या तुकड्यातून एसीच्या पत्र्यावर. घरात वीज गेली असे वाटते, दिवे बंद असतात, आणि पत्र्यावर २३० व्होल्ट असतात. काय झाले म्हणून पाहायला गेलेला माणूस नेमका त्या पत्र्याला हात लावतो. दुरुस्तीनंतर खांबावर फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले गेले, तर पत्रा थेट फेजलाच बांधला जातो.

शिवाय हा तुकडा आरसीसीबीलाही आंधळा करतो. गळती पत्र्यातून पुन्हा न्यूट्रलमध्येच जाते, जमाखर्च जुळतो आणि आरसीसीबीला काही कळत नाही. याच गोष्टीचा तपासणीसाठी उपयोग होतो. ज्या घरात चालू आरसीसीबी आहे तिथे वायरमनने सॉकेटच्या फेज आणि अर्थिंगच्या भोकांत बल्ब लावला की खटका पडायला हवा. खटका पडला तर अर्थिंग जमिनीपर्यंत जाते. बल्ब शांतपणे जळत राहिला, तर सॉकेट उघडा, आत तो तुकडा सापडेल.

नळाच्या पाइपला अर्थिंग जोडण्याची पद्धतही आता सोडून द्यायला हवी. भिंतीतला पाइप जुना लोखंडी असला तरी अंगणातला तुकडा केव्हाच प्लास्टिकचा झालेला असतो. मग कूलरची वीज जमिनीत न जाता मोरीतल्या नळाच्या तोटीत येऊन बसते.

मातीचा उन्हाळा

अर्थिंगच्या खड्ड्यात तांब्याची किंवा जस्त चढवलेल्या लोखंडाची प्लेट, नाहीतर अडीच मीटरचा जस्ती पाइप पुरतात आणि भोवती कोळसा व मीठ भरतात. मीठ आणि ओल यांच्यामुळे मातीतून वीज सहज वाहते. पण ओल गेली की विरोध कित्येक पटीने वाढतो. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीचा गुण असा की पावसाळ्यात ती विजेला उत्तम वाट देते, आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, पाइपपासून सुटून उभी राहते. सह्याद्रीच्या बाजूला थोडे खणले की मुरूम आणि काळा दगड लागतो, तिथे तर मुळातच विरोध जास्त. म्हणजे कूलर आणि एसी सर्वांत जास्त चालतात त्याच महिन्यांत त्यांचे अर्थिंग सर्वांत दुबळे असते. खड्ड्यावर फनेलचे तोंड असते ते पाणी घालण्यासाठीच. मार्च ते जून दर आठवड्याला त्यात एक-दोन बादल्या पाणी घालावे. खड्ड्यावर फरशी बसवून किंवा पार्किंगचे काँक्रीट ओतून तो कायमचा बुजवलेली घरे पुष्कळ आहेत. तिथे नवा खड्डा किंवा रॉड घेणेच बरे.

खड्डा उत्तम असूनही मुंग्या येत असतील, तर साखळी मध्येच तुटलेली असते, आणि ती बहुधा कूलरच्या बाजूला तुटते. स्थानिक दुकानात बनवलेल्या कूलरला अनेकदा दोनच तारांची वायर असते आणि टोकाला तीन पिनांचा प्लग. तिसरी पिन नुसती दिखाऊ. कधी वायर तीन तारांची असते, पण हिरवी तार आत कापून गुंडाळून ठेवलेली असते. कधी ती पत्र्याला स्क्रूने जोडलेली असते, पण स्क्रूखालचा रंग खरवडलेला नसतो, आणि रंग वीज जाऊ देत नाही. गंजही जाऊ देत नाही. स्क्रूखालचा पत्रा चमकेपर्यंत घासून, वॉशर घालून हिरवी तार घट्ट आवळली की काम होते. पंखा आणि पंप दोन्हींच्या धातूच्या भागांपर्यंत ती पोचायला हवी. एक्स्टेन्शन बोर्डवर कूलर लावला असेल, तर त्या बोर्डाच्या वायरीतही तिसरी तार आहे का ते पाहावे. प्लगची वरची पिन लांब आणि जाड असते ती यासाठी की प्लग लावताना अर्थिंग सर्वांत आधी जोडले जावे आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावे. जुन्या सॉकेटमध्ये बसावी म्हणून ती पिन कापणे म्हणजे हे सगळे संरक्षण एका पकडीने संपवणे.

पाणी भरण्याबद्दल महावितरण दर उन्हाळ्यात सांगत असते, तरी पुन्हा सांगतो. आधी बटण बंद करून प्लग काढायचा, मग पाणी भरायचे, सांडलेले पुसायचे आणि मग कोरड्या हाताने प्लग लावायचा. नुसते बटण बंद करणे पुरत नाही, कारण वायरिंग उलटे असेल तर बटण न्यूट्रल तोडते आणि पंपात फेज तसाच राहतो. कोणी चिकटलेला दिसला, तर त्याला हात न लावता मेन स्विच पाडायचा. स्विच लांब असेल तर कोरड्या लाकडी काठीने त्याला दूर ढकलायचे आणि १०८ ला फोन करायचा. श्वास थांबला असेल, तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मधोमध जोरात आणि लयीत दाब देत राहायचे.

वायरमन बोलावाल तेव्हा तो परवानाधारक आहे ना हे पाहा, आणि "अर्थिंग चेक केलं, ओके आहे" एवढ्यावर त्याला जाऊ देऊ नका. अर्थ टेस्टरने खड्ड्याचा विरोध मोजायला सांगा आणि आलेला आकडा ओहममध्ये, तारखेसह, मेन बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. मोजणी मे महिन्यात करा. ऑगस्टमध्ये भिजलेल्या जमिनीवर आलेला चार ओहमचा आकडा मे महिन्यात पंधरा होऊ शकतो, आणि कूलर मे महिन्यात चालतो.